आजीचा टीएसएच ६.२, गोळी लागेल का?

नाशिकरोडला आजीची (वय ८२) थायरॉईडची तपासणी केली. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा हार्मोन, ६.२ आलाय, रिपोर्टवर 'जास्त' अशी खूण आहे. लगेच गोळी सुरू करायची का?

घाई नको. ती खूण बहुधा ४.५ च्या आसपासची, सगळ्या प्रौढांसाठीची एकच मर्यादा धरून पडलेली असते. वयाबरोबर टीएसएच थोडा चढतोच. ऐंशीनंतर थायरॉईडचा आजार नसलेल्यांतही तो ७.५ पर्यंत सापडतो. फ्री टी-४ ही थायरॉईड हार्मोनची रक्ततपासणी करून घ्या, दोन-तीन महिन्यांनी टीएसएच पुन्हा बघा. फ्री टी-४ नॉर्मल असेल तर डॉक्टर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात. या वयात गोळीचा डोस जरा जास्त झाला तरी ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं झिजतात.

हाच ६.२ घरातल्या गरोदर सुनेचा असता, तर मात्र मी लगेच डॉक्टरकडे जायला सांगितलं असतं. पहिल्या तिमाहीत टीएसएच उलट उतरतो, वरची मर्यादा साधारण ४ धरतात, आणि बाळ तेव्हा आईच्याच हार्मोनवर वाढत असतं.