बंद केलं की वाढतं, म्हणून पुन्हा लावते

“मॅडम, तोंडाभोवती आणि हनुवटीवर बारीक पुरळ उठलंय. डॉक्टर म्हणतात, चेहऱ्याला काहीही लावू नका. पण नाही लावलं की त्वचा ओढते, चुरचुरते, बसवत नाही. आणि बंद केलं की पुरळ उलट वाढतंच. मग मी करू तरी काय?”

शब्द थोडेफार बदलतात, पण ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. येणाऱ्या बहुतेक विशीपासून चाळिशीपर्यंतच्या स्त्रिया असतात. बऱ्याच जणींना त्वचारोगतज्ज्ञांनीच पाठवलेलं असतं, कारण निदान झालेलं असतं, औषध दिलेलं असतं, फक्त ‘काही लावू नका’ हे एक वाक्य घरी गेल्यावर पाळता येत नाही. मी त्वचेची डॉक्टर नाही. पण सुटत नसलेली सवय माझ्या कामाच्या कक्षेत येते, आणि हा आजार बऱ्याच अंशी सवयीवर जगतो, असं माझं ठाम मत झालं आहे. त्यातल्या एकीची हकिगत सांगते. तिला मीनल म्हणू या. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मीनल एकतीस वर्षांची, बँकेत काउंटरवर बसणारी. पहिल्या भेटीत तिने ओढणी हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. ओढणी खाली केली तेव्हा एक-दोन मिलिमीटरचे लालसर दाणे दिसले. हनुवटीवर, ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांशी आणि नाकाच्या बाजूच्या घडीत दाटीने उठलेले, काहींच्या टोकाला पू. पण ओठांच्या अगदी लगत एक बारीक पट्टी स्वच्छ होती. हीच खूण तिच्या डॉक्टरांनी तिला आरशात दाखवली होती. मुरुमात काळी-पांढरी टोकं दिसतात, ती इथे नव्हती. सारखी जीभ फिरवून होणारी लाली ओठांना चिकटून असते, तसंही नव्हतं. नाव दिलं होतं पेरिओरल डर्मटायटिस. आधीच्या वर्षी सहा आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या झाल्या होत्या. पुरळ अर्धं बसलं आणि महिन्याभरात परत आलं. त्यामुळे मीनलचा निष्कर्ष ठरला होता: “मला औषध लागू पडत नाही.”

मी तिला एकच गोष्ट सांगितली. पुढच्या वेळी चेहऱ्याला लागतं ते सगळं पिशवीत घालून आण. आठवून यादी करायची नाही, वस्तूच आणायच्या. यादी करताना माणूस आपल्याला ठाऊक असतं तेवढंच लिहितो, हा माझा जुना अनुभव आहे.

पिशवीतून फेस येणारा फेसवॉश निघाला, सकाळचं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, फाउंडेशन, घट्ट नाइट क्रीम, व्हॅसलीनची डबी, आणि एका छोट्या वाटीत सासूबाईंनी काढून दिलेली साय. वाटीकडे बोट दाखवून ती म्हणाली, “ही मोजायची नाही ना? घरची आहे.”

“चेहऱ्याला कुठे कळतं घरची की बाहेरची?”

ती हसली. मग पिशवीच्या तळाशी एक दाबून दाबून चपटी झालेली ट्यूब सापडली.

“आणि ही?”

“ती काही नाही. मेडिकलवाल्याने दिली होती डागांसाठी. दीड-दोन वर्षं झाली. फार नाही लावत, पुरळ वाढलं की दोन दिवस. लगेच बसतं.”

ट्यूबवर बारीक अक्षरात मोमेटासोन लिहिलं होतं. ते स्टिरॉइड आहे. तिने हे डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण तिच्या लेखी ते औषध नव्हतंच, ते ‘डागांचं क्रीम’ होतं. मी त्या नावाचा फोटो काढायला लावला आणि त्याच संध्याकाळी तिला डॉक्टरांकडे परत पाठवलं. अशा ट्यूब आपल्याकडे घरोघरी आहेत. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना या दुरुपयोगाने बिघडलेल्या चेहऱ्यासाठी वेगळं नाव द्यावं लागलं, आणि 2018 मध्ये सरकारने बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी दुकानात मागितलं की मिळतं. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ दिसलं, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, की ट्यूब आधी डॉक्टरांना दाखवायची.

गोळ्या का फसल्या होत्या, ते आता उघड झालं. गोळी पुरळ बसवत होती आणि ट्यूब ते पुन्हा उठवत होती. स्टिरॉइड लावलं की रक्तवाहिन्या आकसतात, लाली जाते, म्हणून ते औषधासारखं वाटतं. लावत राहिलं की त्वचा पातळ होते आणि त्याच्यावर विसंबते. थांबवलं की दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर येतं. मीनल ज्याला ‘बंद केलं की वाढतं’ म्हणत होती ते हेच. तो पुरावा ट्यूबच्या विरुद्धचा होता, पण तिच्या मनात तो ट्यूबच्या बाजूने नोंदला गेला होता.

मग उरलेल्या डब्यांचं काय, असं तिने विचारलं. त्यात स्टिरॉइड नव्हतं ना! हे मी तिला धुण्याच्या उदाहरणाने समजावलं. खूप वेळ पाण्यात हात घालून धुणं धुतलं की बोटं पांढरी पडून सुरकुततात. ती बोटं मऊ दिसतात, पण त्या वेळी साबण त्यांना लवकर झोंबतो. घट्ट क्रीम, व्हॅसलीन, साय यांचा थर चेहऱ्यावर झाकणासारखा बसतो. आतली ओल बाहेर जात नाही, त्वचेचा वरचा थर भिजून फुगतो आणि त्याची राखण करण्याची ताकद कमी होते. थर उतरला की तीच त्वचा ओल भराभर गमावते आणि ओढायला लागते. आपल्याला वाटतं, कोरडी आहे, आणखी लावू. मॉइश्चरायझर, त्यावर फाउंडेशन आणि रात्री नाइट क्रीम, हे तिन्ही रोज वापरणाऱ्यांत हा आजार जास्त आढळतो तो बहुधा यामुळेच.

मीनलला हे पटलं. पटल्याने हात थांबत नाही, हे मला ठाऊक होतं. माझा कल नेहमी वर्तनाकडे राहिला आहे. ज्या कृतीनंतर लगेच हायसं वाटतं, ती कृती पक्की होत जाते, मग पुढे तिने कितीही नुकसान होवो. कुलूप तपासायला दहादा परत जाणारा माणूस आणि दिवसात सहादा हनुवटीला क्रीम लावणारी बाई, यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. म्हणून मी तिला एक वही दिली. ओढल्यासारखं झालं की घड्याळात वेळ बघायची, ओढ किती ते दहापैकी लिहायचं, आणि काहीही न लावता चाळीस मिनिटांनी पुन्हा लिहायचं. दरम्यान आरसा नाही.

डॉक्टरांनी ट्यूब पूर्ण थांबवली, गोळ्या पुन्हा सुरू केल्या (गरोदरपणाचं आधी विचारून, कारण गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ही गोळी देत नाहीत) आणि चेहरा फक्त कोमट पाण्याने धुवायला सांगितला. फेसवॉशही बंद. मी तिला कॅलेंडरवर पुढचे दोन आठवडे रंगवून ठेवायला लावले: हे दिवस वाईट जाणार. आधी सांगितलेलं दुखणं सोसवतं, न सांगितलेलं घाबरवतं. ज्यांना कोणी हे सांगत नाही, त्या साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी ट्यूबकडे परत जातात.

मीनलचा फोन सहाव्या दिवशी आला.

“मॅडम, पूर्ण हनुवटी लाल झालीय. काउंटरवर एका आजींनी विचारलं, भाजलं का पोरी?”

“वहीत काय लिहिलंस?”

“दुपारी आठ.”

“आणि चाळीस मिनिटांनी?”

पानं उलटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

“तीन.” पुन्हा शांतता. “काल पण सातावरून तीन. परवा आठावरून चार. मॅडम, मी काही लावलं नव्हतं तरी उतरलं.”

या क्षणासाठी मी वही देते. दीड वर्ष ती समजत होती की ओढ क्रीममुळे जाते. खरं तर ओढ चढायची आणि आपली आपण उतरायची, आणि श्रेय प्रत्येक वेळी डबीला मिळायचं. हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगू शकले असते. सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि रात्री साय लावली असती. तिच्याच अक्षरातले तीन आकडे तिला जे सांगून गेले, ते माझ्याकडून ऐकून झालं नसतं, आणि हे ओळखून मी त्या दिवसापर्यंत गप्प राहू शकले, याचं मला समाधान आहे.

पुढचं सरळ गेलं, पण झटपट नाही. दुसरा आठवडा संपताना आग कमी झाली. चौथ्या आठवड्यात नवे दाणे उठणं थांबलं. नवव्या आठवड्यात फक्त फिकट गुलाबी छटा उरली होती. डॉक्टरांनी मग एक हलकं, जेलसारखं सनस्क्रीन परत दिलं. दोन आठवडे फक्त तेच, काही उठलं नाही तर मग दुसरी वस्तू. एकदम दोन गोष्टी सुरू केल्या की गुन्हेगार सापडत नाही. टूथपेस्टचंही त्यांनी विचारलं, कारण काहींना फ्लोराइडची किंवा खूप फेसाची पेस्ट त्रास देते. मीनलच्या बाबतीत ती बदलावी लागली नाही.

ही हकिगत वाचून कोणी दम्याचा पंप किंवा नाकातला स्प्रे आपल्या मनाने बंद करू नये. त्यातल्या स्टिरॉइडनेही तोंडाभोवती असं पुरळ येऊ शकतं, मुलांमध्ये विशेषतः मास्क लावून औषध देताना. तिथे औषध चालू ठेवून, घेतल्यावर चेहरा धुणे आणि डॉक्टरांना दाखवणे एवढंच करायचं. आणि ज्यांना जन्मजात कोरड्या त्वचेचा एक्झिमा आहे, त्यांना मॉइश्चरायझर लागतंच. ‘काही लावू नका’ हा सल्ला त्यांच्यासाठी नाही. म्हणून निदान आधी, वही नंतर.

सासूबाईंचा प्रश्न मात्र अवघड होता. साय नाकारणं म्हणजे त्यांची माया नाकारणं, असं मीनलला वाटायचं. तिने त्यांना नवव्या आठवड्यातली आणि पहिल्या दिवसाची हनुवटी मोबाइलवर शेजारी शेजारी दाखवली. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “मग तूप कढवू.”

चार महिन्यांनी नणंदेच्या लग्नात तिने दोन दिवस पूर्ण मेकअप केला. तिसऱ्या दिवशी ओठांच्या डाव्या कोपऱ्याशी पाच-सहा दाणे उठले. तिने मला फोन केला नाही. सगळं बंद करून पाण्याने चेहरा धुतला, वही पुन्हा काढली. पुढच्या भेटीत तिने ते पान माझ्यासमोर धरलं. दोन आठवड्यांच्या नोंदी होत्या, आणि शेवटच्या रकान्यात सलग चार दिवस शून्य.