‘संतुलित स्थानांतरण’ आणि ‘नॉर्मल’ : रिपोर्टातले दोन शब्द

प्रश्न : माझ्या ताईचे तीन गर्भपात झाले. दोघांची रक्ततपासणी केली, कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची. ताईच्या रिपोर्टात 46,XX,t(11;22)(q23;q11.2) आणि पुढे ‘बॅलन्स्ड ट्रान्सलोकेशन’ असं आहे, भावजींच्या रिपोर्टात 46,XY, नॉर्मल. मराठीत ‘संतुलित स्थानांतरण’ म्हणतात असं कळलं. संतुलित आहे तर मग अडचण कशाची? आणि आई विचारते की भावजी निर्दोष म्हणजे ताईत दोष का? तिला कोणत्या शब्दांत सांगू?

उत्तर : गुणसूत्रांच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम केलं आणि हे दोन्ही शब्द रोज लिहिले. ते वाचून घरोघरी काय समजलं जातं, हे मात्र समुपदेशनाच्या खोलीत बसल्यावर कळलं.

‘संतुलित’ म्हटलं की आपल्याला संतुलित आहार, संतुलित स्वभाव आठवतो, म्हणजे काहीतरी चांगलं, निरोगी. रिपोर्टातला ‘संतुलित’ त्या घरातला नाही, तो हिशेबाच्या वहीतला आहे. काही हरवलं नाही, काही जास्तीचं आलं नाही, ताळा जमला, एवढंच तो सांगतो. ऐवज पूर्ण आहे, फक्त जागच्या जागी नाही.

‘स्थानांतरण’ हाही शब्द निम्मंच सांगतो. त्यातून एक वस्तू उठून दुसरीकडे गेली असं वाटतं. ताईच्या बाबतीत दोन तुकड्यांनी एकमेकांची जागा घेतली आहे, म्हणून घरी बोलताना ‘अदलाबदल’ म्हणा. त्या सूत्रातला t म्हणजे हीच अदलाबदल, पहिल्या कंसात कोणत्या दोन गुणसूत्रांत झाली ते, दुसऱ्यात ती कुठे तुटली ते. गुणसूत्राला आखूड आणि लांब अशा दोन भुजा असतात. आखूड ती p, फ्रेंचमधल्या ‘लहान’ या अर्थाच्या शब्दावरून, आणि लांब ती q. आणि हो, q23 हे ‘क्यू तेवीस’ नव्हे, ‘क्यू दोन-तीन’ असं वाचतात : लांब भुजेचा दुसरा विभाग, त्यातला तिसरा पट्टा.

सूक्ष्मदर्शकाखाली हे दिसतं कसं? रक्तातल्या पांढऱ्या पेशी तीनेक दिवस वाढवतात, विभाजनाच्या मध्यावर थांबवतात आणि रंगवतात. मग प्रत्येक गुणसूत्रावर गडद-फिकट आडवे पट्टे उमटतात. ताईच्या दोन ‘अकरा’ शेजारी ठेवल्या तर एकीचं खालचं टोक थोडं लांब दिसेल आणि पट्टे ओळखीचे वाटणार नाहीत, दोन ‘बावीस’पैकी एक आखूड दिसेल. बाविसातून गेलेला तुकडा अकरातून आलेल्या तुकड्यापेक्षा मोठा असतो, म्हणून.

आता ‘मग अडचण कशाची’ याकडे येऊ. अकरा आणि बावीस हे एका ग्रंथाचे दोन खंड समजा. ताईकडे प्रत्येक खंडाच्या दोन प्रती आहेत. एक जोडी नीट बांधलेली, दुसरीत बांधणाऱ्याने शेवटची पानं एकमेकांत बांधली. ताईला सगळा मजकूर दोन-दोनदा मिळतो, म्हणून तिला स्वतःला काही त्रास नाही. पण बीजांडात प्रत्येक खंडाची एकच प्रत द्यायची असते. दोन्ही नीट खंड गेले तर बाळाची गुणसूत्रं नेहमीसारखी. दोन्ही अदलाबदलीचे गेले तर बाळ ताईसारखंच, ऐवज पूर्ण. पण नीट अकरासोबत बदललेला बावीस गेला, तर अकराची शेवटची पानं दुप्पट आणि बाविसाची गायब. उलट जोडी गेली तर उलटा घोटाळा. असा गर्भ सहसा पहिल्या काही आठवड्यांतच थांबतो. म्हणजे तोल ताईत जमलेला आहे, बीजांडात वाटणी होताना तो ढळू शकतो. ‘संतुलित’ हे विशेषण ताईचं आहे, तिच्या प्रत्येक गर्भाचं नाही.

या विशिष्ट अदलाबदलीत आणखी एक वाटणी होते. कधी दोन्ही नीट खंड जातात आणि त्यांच्यासोबत बदललेला बावीसही जातो. मग बाळाची गुणसूत्रं 47 होतात. अशी गर्भधारणा कधीकधी पूर्ण दिवस टिकते आणि बाळ गंभीर व्यंगांसह जन्मते, त्याला इमॅन्युएल सिंड्रोम म्हणतात. म्हणून पुढच्या वेळी गर्भधारणा टिकली तरी वारेची किंवा गर्भजलाची तपासणी करायची का, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं. निरोगी बाळ होण्याची वाट मात्र बंद नाही, हे आईंना आवर्जून सांगा.

एक आडवाटेचा मुद्दा, पण शब्दासाठी उपयोगी. काहींच्या रिपोर्टात 45,XX,der(13;14)(q10;q10) असतं आणि तरी पुढे ‘बॅलन्स्ड’ असतं. पंचेचाळीस पाहून लोक हादरतात. तिथे तेरा आणि चौदा एकमेकांना जोडून एक झालेली असतात. खंड एक कमी, मजकूर पुरेसा. ‘संतुलित’ हा आकड्याचा शब्द नाही, हे त्यावरून स्पष्ट होतं.

आता ‘नॉर्मल’. याचा खरा अर्थ ‘या तपासणीत डोळ्यांना बदल दिसला नाही’. पट्ट्यांच्या पद्धतीत साधारण पन्नास लाख ते एक कोटी अक्षरांपेक्षा छोटा फरक दिसत नाही, आणि एखाद्या जनुकातली चूक तर नाहीच नाही. शिवाय दोघांचेही रिपोर्ट नॉर्मल असलेल्या जोडप्यांतही गर्भपात होतात. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा आकडाच चुकलेला असतो. ती चूक त्या वेळी नव्याने घडलेली असते, आईवडिलांच्या रक्तात ती सापडायची नाही.

पडलेल्या गर्भाच्या ऊतीचा रिपोर्ट असेल तर तो वेगळ्या नजरेने वाचा. त्यात हुबेहूब ताईचंच सूत्र आलं, तर ‘गर्भही संतुलित होता’ असं लगेच मानू नका. नमुन्यात आईच्या पेशी मिसळून त्याच वाढल्या असण्याची शक्यता असते. दुसऱ्या चाचणीने ते पडताळता येतं. नुसतं 46,XX आलं तर मात्र ते ताईच्या पेशींचं नाही, कारण तिच्या पेशींत ती अदलाबदल दिसलीच असती. इथे तिचं वेगळं सूत्रच खुणेसारखं उपयोगी पडतं.

‘दोष’ आणि ‘निर्दोष’ मात्र कृपा करून घरात आणू नका. ते न्यायालयातले शब्द आहेत, एक निर्दोष म्हटला की दुसरा आपोआप आरोपी होतो. ताईने काही केलेलं नाही. ती अदलाबदल तिच्या जन्माआधीच झालेली आहे. ‘वाहक’ या शब्दालाही रोगवाहक डासाचा वास येतो, म्हणून मी तोही टाळते. आईंना असं सांगा : “ताईच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी बसलेत, ऐवज सगळा आहे. बीजांड बनताना कधी वाटणी नीट होते, कधी चुकते. भावजींच्या तपासणीत असं काही दिसलं नाही.”

शेवटी, जे तुम्ही विचारलं नाहीत ते. ही अकरा-बाविसाची अदलाबदल बहुतेक वेळा आईकडून किंवा वडिलांकडून आलेली असते. रिपोर्टात सूत्राच्या शेवटी mat (आईकडून), pat (वडिलांकडून) किंवा dn (नव्याने घडलेली) असं काही आहे का पाहा. नसेल, तर आईवडिलांचं कॅरिओटाइप झालेलं नसावं. त्यांच्यापैकी कुणात ती निघाली, तर तुमच्यातही असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास आहे. तुम्हाला पुढे मूल हवं असेल तर हिरव्या झाकणाच्या नळीत थोडं रक्त तुमचंही द्या.