१२x + १८y = ९० : पुढची उकल किती अंतरावर?

प्रश्न: १२x + १८y = ९० च्या पूर्ण संख्यांतल्या सगळ्या उकली काढायच्या आहेत. युक्लिडच्या पद्धतीने x = −१५, y = १५ मिळालं. मग x मध्ये १८ मिळवत आणि y मधून १२ वजा करत गेलो. ऋण नसलेली एकच जोडी सापडली, (३, ३). पुस्तकाच्या मागे तीन जोड्या दिल्यात. कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमची पहिली जोडी बरोबर आहे. १८ − १२ = ६, दोन्ही बाजूंना १५ ने गुणलं की १२ × (−१५) + १८ × १५ = ९०. चूक त्याच्या पुढे, उडी मारताना झाली. तुम्ही घेतलेली १८ आणि १२ ची उडी समीकरण बिघडवत नाही, म्हणून शंका येत नाही. पण ती गरजेपेक्षा सहापट मोठी आहे, आणि मधल्या उकली तिच्याखालून निसटतात.

एका उकलीवरून दुसरीवर जाताना x मध्ये a ची भर पडली आणि y मध्ये b ची, असं धरा. उजवी बाजू ९० च राहायला हवी, म्हणजे १२a + १८b = ०. सहाने भागलं की २a = −३b. उजवीकडे ३ चा गुणक आहे, तेव्हा डावीकडे २a ला ३ ने भाग गेलाच पाहिजे. २ आणि ३ सहमूळ आहेत, २ मध्ये ३ लपलेला नाही, म्हणून a लाच ३ ने भाग जातो. a ची सगळ्यांत लहान धन किंमत ३, आणि तेव्हा b = −२. म्हणजे x तीनने वाढला की y दोनने घटतो. याहून लहान उडी शक्य नाही, आणि प्रत्येक उकल याच उड्यांनी गाठता येते.

आता तुमच्याच जोडीपासून एकेक पाऊल टाकून बघा: (−१५, १५), (−१२, १३), (−९, ११), (−६, ९), (−३, ७), (०, ५), (३, ३), (६, १), (९, −१). तुम्ही पहिल्यावरून थेट सातव्यावर गेलात आणि तिथून पुढे (२१, −९) वर. (०, ५) आणि (६, १) दोन्ही मध्येच राहिल्या.

(३, ३) तरी सापडली हा योगायोग होता. सुरुवात (−६, ९) पासून झाली असती, तर १८ आणि १२ ची उडी तुम्हाला (१२, −३) वर घेऊन गेली असती आणि ‘एकही उकल नाही’ असं उत्तर निघालं असतं. सुरुवातीची जोडी बदलल्यावर अंतिम उत्तर बदलत असेल, तर उडी चुकली आहे हे नक्की समजावं. पद्धत बरोबर असेल तर सुरुवात कुठूनही करा, यादी तीच येते.

म्हणून पहिलं काम मसावि काढून संपूर्ण समीकरणाला भागणं. १२ आणि १८ चा मसावि ६, त्यामुळे २x + ३y = १५. यानंतर उडी शोधावी लागत नाही. x ची उडी म्हणजे y चा सहगुणक ३, y ची उडी म्हणजे x चा सहगुणक २, आणि एक वाढते तेव्हा दुसरी घटते. सहगुणकांची अदलाबदल होते, हे लक्षात ठेवा. भागून घेतल्यावरही x ला २ आणि y ला ३ अशी उलटी उडी मारणारे बरेच असतात. ती चूक मात्र लगेच पकडता येते, कारण जोडी समीकरणात बसतच नाही.

भागताना उजवी बाजू विसरू नका. सहगुणक लहान केले पण ९० तसेच ठेवले, तर तुम्ही २x + ३y = ९० सोडवत बसता, ते वेगळंच गणित आहे. म्हणून शेवटी जोडी नेहमी मूळ समीकरणात घालून बघावी, भागलेल्यात नाही.

भागतानाच आणखी एक गोष्ट कळते. उजवीकडे ९० ऐवजी ९२ असते, तर ९२ ला ६ ने भागून बाकी २ उरते. डावी बाजू मात्र x, y काहीही घेतले तरी ६ च्या पाढ्यातच राहते. तेव्हा पूर्णांकांत उकल नाही, आणि शोधाशोध तिथेच थांबवायची. भास्कराचार्यांनी लीलावतीत (इ. स. ११५०) कुट्टकाच्या, म्हणजे अशी समीकरणं पूर्णांकांत सोडवण्याच्या पद्धतीच्या, प्रकरणाची सुरुवात याच पायरीने केली आहे: आधी सामाईक विभाजकाने सगळ्यांना छेद द्या, आणि दोघांना भाग जातो पण तिसऱ्याला जात नसेल तर प्रश्नच ‘दुष्ट’ समजा. त्यांचं पहिलं उदाहरण तुमच्या प्रश्नाला अगदी लागू पडतं. २२१ ला कशाने गुणून ६५ मिळवले म्हणजे १९५ ने निःशेष भाग जाईल? तिन्ही संख्यांना १३ ने भाग जातो, उरतात १७, ५ आणि १५. गुणक ५ येतो, कारण १७ × ५ + ५ = ९० = १५ × ६. पुढचे गुणक २० आणि ३५. म्हणजे उडी १५ ची, १९५ ची नव्हे.

आता मर्यादा. (−१५, १५) पासून मारलेल्या उड्यांची संख्या t धरून x = −१५ + ३t, y = १५ − २t असं लिहिलं की x ऋण नसावा म्हणून t किमान ५ हवा, आणि y ऋण नसावा म्हणून t जास्तीत जास्त ७.५. t पूर्णांक आहे, तेव्हा t = ५, ६, ७, आणि जोड्या (०, ५), (३, ३), (६, १). इथे ७.५ चे ८ करण्याचा मोह होतो. वरची मर्यादा नेहमी खाली उतरवायची आणि खालची नेहमी वर चढवायची, अपूर्णांक कितीही असो. t = ८ घेतलं तर (९, −१) मिळते, आणि १०८ − १८ = ९० म्हणून समीकरणात घालून केलेला ताळा ही चूक पकडत नाही. चिन्ह वेगळं तपासावंच लागतं.

शून्याबद्दल प्रश्नाचे शब्द नीट वाचा. आपल्या पाठ्यपुस्तकांत पूर्ण संख्या म्हणजे ०, १, २, ३ वगैरे, त्यामुळे (०, ५) धरायची आणि उत्तर तीन जोड्या. ‘नैसर्गिक संख्या’ म्हटलं असेल तर शून्य बाद, जोड्या दोन. ‘पूर्णांक’ म्हटलं असेल तर ऋण संख्याही चालतात आणि उकली अनंत, मग t सकटचं सूत्र हेच उत्तर. शाब्दिक उदाहरणात, समजा १२ रुपयांच्या वह्या आणि १८ रुपयांची पेनं घेऊन ९० रुपये झाले असतील, तर ‘दोन्ही वस्तू घेतल्या’ असं म्हटलंय का तेवढं बघा.

आकडे इतके लहान असताना युक्लिड लागतही नाही. २x + ३y = १५ मध्ये १५ विषम, २x सम, म्हणून ३y विषम आणि y विषम. ३y १५ च्या वर जात नाही. y = १, ३, ५ घ्या, x = ६, ३, ० मिळतात. परीक्षेत हेच करावं.

युक्लिडचा खरा उपयोग आकडे वाढले की कळतो. ५७x + ३९y = १२०० घ्या. मसावि ३, १२०० ला ३ ने भाग जातो, तेव्हा १९x + १३y = ४००. आता भागाकार करत जाऊ:

१९ = १ × १३ + ६
१३ = २ × ६ + १

बाकी १ आली की खालून वर चढायचं. दुसऱ्या ओळीवरून १ = १३ − २ × ६. त्यातल्या ६ च्या जागी पहिल्या ओळीतून (१९ − १३) घातले की १ = ३ × १३ − २ × १९. इथे क्षणभर थांबून ३९ − ३८ = १ हा ताळा करा. उलटं चढताना चिन्हं चुकतात ती इथेच, आणि पुढे ४०० ने गुणल्यावर ती चूक सापडणं कठीण जातं.

आता ४०० ने गुणलं तर x = −८००, y = १२०० येतात. बरोबर आहेत, पण अशा आकड्यांवर t च्या मर्यादा काढत बसण्याची गरज नाही. x ची उडी १३ ची आहे, म्हणजे −८०० मध्ये १३ चे कितीही गुणक मिळवले तरी चालतं. ६२ × १३ = ८०६, तेव्हा x = ६. ऋण नसलेला सर्वांत लहान x हाच. मग १९ × ६ = ११४, उरले २८६, भागिले १३ म्हणजे y = २२. पुढचं पाऊल x = १९, y = ३. त्यापुढे y ऋण होतो. मूळ समीकरणात ताळा: ३४२ + ८५८ = १२०० आणि १०८३ + ११७ = १२००. जोड्या दोनच.

किती जोड्या याव्यात याचा अंदाज आधीच बांधता येतो, आणि तुमच्या गणितात तो उपयोगी पडला असता. २x + ३y = १५ मध्ये y ऋण नसेल तर x ० पासून ७.५ पर्यंतच फिरू शकतो, आणि उकली दर ३ अंतरावर आहेत. साडेसात लांबीच्या पट्ट्यात दर तीनवर खुणा केल्या तर दोन किंवा तीनच बसतात, एक बसणं शक्य नाही. दुसऱ्या गणितात पट्टा ४०० ÷ १९, म्हणजे २१ हून जरासा मोठा, आणि खुणा दर १३ वर, म्हणून एक किंवा दोन. भागून घेतलेल्या समीकरणात उजवी बाजू भागिले सहगुणकांचा गुणाकार एवढंच हे आहे: १५ ÷ ६ = २.५, म्हणून २ किंवा ३. हाच भागाकार १ पेक्षा कमी आला, तर एकही उकल नसण्याची शक्यता उरते. उदाहरणार्थ १२x + १८y = ६. सहाने भागून २x + ३y = १, पूर्णांकांत (−१, १) चालते, पण ऋण नसलेली एकही जोडी नाही, कारण x किंवा y यांतलं काहीही शून्यावरून एकने वाढवलं की बेरीज किमान २ होते.