विंडफॉल टॅक्स: घबाड कोणाचं आणि कर कशावर?

प्रश्न: विंडफॉल टॅक्सला मराठीत नक्की काय म्हणायचं? पेपरात कधी 'अप्रत्याशित लाभ कर' तर कधी 'अतिरिक्त नफा कर' छापतात. आणि हा खरंच नफ्यावरचा टॅक्स असतो का? कंपनीने जास्त कमावलं तर त्यात तिचं चुकलं काय, हेही कळत नाही.

बोलताना मी सरळ 'घबाड कर' म्हणतो, लिहायचं असेल तर 'अनपेक्षित नफा कर'. 'अप्रत्याशित' हिंदीतून आलाय, मराठीत कोणी तसं बोलत नाही, तो सोडून द्या. 'अतिरिक्त' चालेल पण त्यात एक गोची आहे, अतिरिक्त म्हटलं की कशाच्या वर ते सांगावं लागतं, आणि कंपनीने डोकं लढवून, खर्च कापून जास्त कमावलं तरी तेही अतिरिक्तच होतं की. घबाड मात्र लागतं, ते कोणी कमवत नाही. इंग्रजी शब्दाचं मूळही तेच, वाऱ्याने खाली पडलेलं फळ. आणि या टॅक्सवरचं सगळं भांडण शेवटी एवढ्यावरच येतं की फळ वाऱ्याने पडलं की कोणी झाडावर चढून काढलं.

आता नफ्यावर असतो का. नावात नफा असला तरी पुष्कळदा नसतो. भारतात १ जुलै २०२२ ला जो लावला आणि सगळे ज्याला विंडफॉल टॅक्स म्हणत होते तो कागदोपत्री अबकारी शुल्काचा प्रकार होता, देशात काढलेल्या कच्च्या तेलावर टनामागे २३,२५० रुपये, शिवाय पेट्रोल-डिझेलच्या निर्यातीवर लिटरमागे वेगळा. कंपनीला त्या वर्षी किती नफा झाला हे कुठेच विचारलेलं नाही, तेल निघालं की शुल्क लागलं, आणि दर पंधरा दिवसांनी जागतिक भाव बघून रेट खालीवर करायचे. डिसेंबर २०२४ मध्ये तो काढून टाकला. अमेरिकेत १९८० साली आला त्याच्या तर नावातच 'विंडफॉल प्रॉफिट' होतं आणि तरी तो नफ्यावर नव्हता, कायद्याने ठरवलेली मूळ किंमत आणि प्रत्यक्ष विक्रीचा भाव यांच्यातल्या फरकावर होता.

पण याचं सगळ्यात मजेदार उदाहरण ब्रिटनचं १९९७ चं आहे, आणि तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे म्हणून जरा खोलात जातो.

पंतप्रधान थॅचर आणि मेजर यांच्या काळात टेलिफोन, गॅस, पाणी, वीज, विमानतळ असल्या सरकारी कंपन्या शेअर बाजारात विकल्या. विकताना भाव कमी लावला, पहिल्याच दिवशी शेअर उसळले, आणि पुढची काही वर्षं नियामकाने दरांवर जी मर्यादा घातली होती तीही सैल निघाली, त्यामुळे नफे बक्कळ झाले. लोक चिडले. मे १९९७ मध्ये लेबर पक्ष निवडून आला, जाहीरनाम्यात हा टॅक्स होताच, आणि जुलैच्या बजेटमध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी तो आणला. एकदाच, दोन हप्त्यांत भरायचा. सुमारे ५२० कोटी पौंड जमले आणि ते मुख्यतः बेरोजगार तरुणांना कामाला लावण्याच्या योजनेसाठी होते.

गंमत फॉर्म्युल्यात आहे. विक्रीनंतरच्या पहिल्या चार वर्षांचा सरासरी वार्षिक नफा घ्यायचा, त्याला ९ ने गुणायचं, ती कंपनीची 'खरी' किंमत धरायची. त्यातून सरकारने जितक्याला विकली ती रक्कम वजा करायची. जे उरेल त्यावर २३ टक्के.

समजा एक कंपनी ३० कोटी पौंडांना विकली. चार वर्षांत मिळून ३२ कोटी नफा, म्हणजे सरासरी ८. गुणिले ९ म्हणजे ७२ कोटी. त्यातून ३० गेले, ४२ उरले, त्याचे २३ टक्के म्हणजे ९ कोटी ६६ लाख. आता दुसरी कंपनी बघा, नफा अगदी तेवढाच पण सरकारने ती ७२ कोटींना विकलेली. हिला टॅक्स शून्य. म्हणजे सरकारचं म्हणणं असं की तुमच्या नफ्याशी आमचं भांडण नाही, आम्ही तुम्हाला माल स्वस्तात दिला, तो फरक परत द्या. कायद्याच्या भाषेत हा टॅक्स नफ्यावर नव्हताच, किमतीतल्या फरकावर होता.

याच्यावरून अमेरिकेत खटला झाला. तिथल्या पीपीएल नावाच्या वीज कंपनीचा इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या वीज कंपनीत हिस्सा होता. अमेरिकेत नियम असा की परदेशात भरलेला टॅक्स उत्पन्नावरचा किंवा जादा नफ्यावरचा असेल तरच इथल्या टॅक्समधून तो वळता करून मिळतो, मालमत्तेच्या किमतीवरचा असेल तर नाही. अमेरिकेचं इन्कम टॅक्स खातं म्हणालं, ब्रिटिश कायद्यातच लिहिलंय की हा किमतीवरचा आहे, विषय संपला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०१३ मध्ये न्यायमूर्तींनी शाळेतलं बीजगणित केलं. चार वर्षांची सरासरी गुणिले ९ म्हणजे एकूण नफ्याची सव्वादोन पट. ती सव्वादोन पट कंसाबाहेर काढली की २३ चे होतात पावणेबावन्न टक्के, आणि टॅक्स बसतो चार वर्षांच्या एकूण नफ्यातून विक्री किमतीचे चार-नवमांश वजा करून. वरचं उदाहरण घेऊन पडताळा: ३० चे चार-नवमांश १३.३३, ते ३२ मधून गेले की १८.६७, त्याचे ५१.७५ टक्के परत ९ कोटी ६६ लाखच. म्हणजे नाव काहीही द्या, आहे तो जादा नफ्यावरचाच, असा एकमताने निकाल लागला. शब्दांची आवड असलेल्या माणसाला याहून चांगला निकाल मिळायचा नाही.

आता 'चुकलं काय'. या टॅक्सच्या बाजूने सगळ्यात दमदार मुद्दा हा की तो मागच्या नफ्यावर होता. झालेला नफा झाला, तो टॅक्स बसला म्हणून कोणी मागे जाऊन कमी तारा टाकणार नाही की कमी पाइप बदलणार नाही, त्यामुळे थिअरीत गुंतवणुकीला धक्का शून्य. अर्थतज्ज्ञांना हे आवडतं. पण हे खरं केव्हा, तर हे पुन्हा होणार नाही यावर सगळ्यांचा विश्वास असेल तेव्हा. एकदा घेतलं म्हणजे दुसऱ्यांदाही घेतील असं वाटलं की तो टॅक्स आपोआप पुढच्या गुंतवणुकीवर बसायला लागतो, कायद्यात तसं एक अक्षर नसलं तरी.

न्यायाच्या बाजूने मात्र दोन भोकं आहेत आणि मला ती लहान वाटत नाहीत. एक, घबाड लागलं ते ज्यांनी पहिल्या दिवशी स्वस्तात शेअर घेतले आणि चढल्यावर विकून मोकळे झाले त्यांना. टॅक्स भरला कंपनीने, म्हणजे १९९७ साली जे मालक होते त्यांनी, आणि त्यातले कित्येक, वर सांगितलेल्या अमेरिकन कंपनीसारखे, नंतर बाजारभावाने पूर्ण पैसे मोजून आलेले. (निवडणुकीआधीपासून चर्चा होती, त्यामुळे त्यांच्या खरेदीच्या भावात थोडी धास्ती उतरली असेलही, पण म्हणून मूळ हिशोब जुळत नाही.) दुसरं, फॉर्म्युल्याला नशीब आणि मेहनत यातला फरक कळत नाही. सैल दरामुळे झालेला नफा आणि खर्च आटोक्यात आणून झालेला नफा दोन्ही त्याच सरासरीत जातात, वर ९ ने गुणले जातात. ज्याने चोख काम केलं त्याला जास्त बसला.

तेलाच्या धंद्यात भांडण आणखी वेगळं. तिथे विहीर कोरडी निघते, भाव पडतात, वाईट वर्षं कंपनी स्वतः सोसते, मग चांगल्या वर्षात सरकार हिस्सा मागतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नाही. उलट बाजू अशी की २०२२ मध्ये भाव चढले ते युक्रेनच्या युद्धामुळे, त्यात कंपन्यांचं कर्तृत्व काय. ब्रिटनने मे २०२२ मध्ये मधला रस्ता काढला, उत्तर समुद्रातल्या तेल-वायूच्या नफ्यावर आधीचे ४० टक्के होतेच त्यावर २५ टक्के जादा, पण तुम्ही इथेच नवी गुंतवणूक केलीत तर एका पौंडामागे जवळपास ९१ पेन्स टॅक्समध्ये वाचतील अशी सवलत. म्हणजे गुंतवणूक थांबू नये म्हणून सरकारच जवळजवळ सगळा खर्च उचलणार. यावर टीका झाली की हा टॅक्स आहे की अनुदान.

पुढे काय झालं ते बघा. २०२३ च्या सुरुवातीला रेट ३५ टक्के झाला, नोव्हेंबर २०२४ पासून ३८, एकूण ७८, आणि ती गुंतवणुकीची सवलत गेली. मुदत आधी डिसेंबर २०२५, मग मार्च २०२८, मग २०२९, मग २०३०. भाव तर २०२२ च्या शिखरावरून कधीच खाली आले होते. मध्ये एक अट घातली की तेल आणि वायू दोन्हींचे सरासरी भाव सहा महिने ठरावीक पातळीच्या खाली राहिले तर टॅक्स आपोआप बंद, पण दोन्ही एकदम खाली यायला हवेत, एक आलं तर उपयोग नाही. कंपन्यांची खरी तक्रार रेटपेक्षा या सतत हलणाऱ्या तारखांची आहे, कारण समुद्रातल्या एका प्रकल्पाचा हिशोब वीस-पंचवीस वर्षांचा असतो आणि इथे अडीच वर्षांत रेट दोनदा आणि तारीख तीनदा बदलली. आठ वर्षं चालणाऱ्या टॅक्सला मी तरी घबाड कर म्हणणार नाही, तो नुसता जादा टॅक्स आहे.

हे तिथल्या सरकारलाही पटलेलं दिसतं. २०२५ च्या अखेरीस त्यांनी यानंतरची कायमची व्यवस्था जाहीर केली, तेल पिंपाला ९० डॉलरच्या वर किंवा वायू थर्मला, म्हणजे तो मोजायच्या तिथल्या एककाला, ९० पेन्सच्या वर गेला तर फक्त त्या वरच्या पैशावर ३५ टक्के, खाली असेल तर काही नाही. रेषा आधीच आखलेली, त्यामुळे कंपनीला प्रकल्प मांडतानाच कळतं किती जाणार. फक्त हाही नफ्यावर नाही, भावावर आहे, १९८० च्या अमेरिकेसारखाच, तेव्हा ज्याच्या विहिरीचा खर्च जास्त त्याला ९० च्या वरच्या भावातही फारसं काही उरत नसेल तरी भरावा लागेल. पेपरात त्याला परत 'नफा कर' म्हणतील, तुम्ही 'भाववाढ कर' म्हणा.