चाक, पंखा आणि गाळलेला बाजार: मॅच कट कागदावरच कसा ठरवावा

प्रश्न: आम्ही गावातली पाच-सहा पोरं मिळून मोबाइलवर शॉर्टफिल्म करतो. शूटिंग बरं होते, पण एडिटिंगला बसलो की एक सीन संपून दुसरा सुरू होताना धक्का बसते. मॅच कट आणि ट्रान्झिशन स्क्रिप्टमध्येच कसे लिहायचे?

उत्तर:

मी घाटंजी तालुक्यात राहतो. आधी झाडीपट्टीच्या नाटकांसाठी लिहायचो, तिथे प्रवेश संपला की अंधार व्हायचा आणि जोडणीचं काम तो अंधारच करायचा. फिल्म लिहायला घेतली तेव्हा तीच सवय हाताला होती. प्रत्येक सीन मी स्वतंत्र लिहायचो आणि दोन सीनच्या मधल्या जागेबद्दल काहीच लिहीत नसे. तुमच्याकडेही बहुतेक हेच होत असावं, म्हणून माझ्या एकाच मॅच कटची, म्हणजे दिसायला सारख्या दोन चित्रांच्या थेट जोडणीची, गोष्ट सविस्तर सांगतो.

बारा मिनिटांची फिल्म होती. एक कास्तकार बंडीत कापूस भरून बाजाराला जातो. भाव पडलेला असतो, तो घरी येतो आणि रात्री त्याला झोप लागत नाही. पहिल्या खर्ड्यात बाजाराचा सीन दोन पानांचा होता: व्यापारी, काटा, हमाल, वीसेक माणसांची गर्दी. एवढी माणसं जमवणं आम्हाला शक्य नव्हतं, आणि वाचताना लक्षात आलं की त्या दोन पानांत प्रेक्षकाला आधीच माहीत नसलेलं काहीच नाही. तेव्हा बाजार अख्खा गाळायचा ठरवला. बंडीचं फिरतं चाक आणि त्यानंतर थेट रात्रीच्या खोलीतला पंखा. जाताना चाक फिरत होतं, आता पंखा थांबत चालला आहे. मधल्या काळात काय झालं ते प्रेक्षक स्वतःच भरून काढतो.

मॅच कट लिहावा की नाही हे मी आता यावरूनच ठरवतो: या कटमुळे मधलं काय गाळता येतं? त्याच खर्ड्यात माझे आणखी चार मॅच कट होते. उमललेलं बोंड आणि भाताची मूद, विहिरीचं तोंड आणि चंद्र, असे. गोलाला गोल जुळत होता, पण दोन चित्रांच्या मध्ये काही घडलेलं नव्हतं. ते चारही काढले.

आता चूक सांगतो. स्क्रिप्टमध्ये मी एवढंच लिहिलं होतं: "चाक फिरतं. कट. पंखा फिरतो." चाक डिसेंबरात शूट झालं, पंखा जानेवारीच्या शेवटी. एडिटिंगला दोन्ही शॉट शेजारी ठेवले आणि जोड बसेना. चाक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत होतं, पंखा उलट. चाक संथ, पंख्याची पाती दिसतही नव्हती. चाक फ्रेममधून सरकत बाहेर जात होतं, पंखा मध्यभागी स्थिर. कट आला की डोळा अडखळायचा.

मॅच कट चालतो तो डोळ्यामुळे. कटच्या क्षणी प्रेक्षकाची नजर पडद्याच्या ज्या जागेवर असते, नव्या चित्रातली महत्त्वाची गोष्ट नेमकी त्याच जागी, साधारण त्याच आकाराची आणि त्याच गतीने हलणारी हवी. मग नजरेला शोधाशोध करावी लागत नाही आणि मन लगेच अर्थाकडे वळतं. म्हणून कागदावर चार गोष्टी लिहाव्या लागतात: फ्रेममधली जागा, आकार, दिशा आणि वेग. आम्ही दोन्ही शॉट पुन्हा घेतले तेव्हा या चारही गोष्टी आधी वहीत ठरवल्या.

दिशा सगळ्यात आधी. आपल्याकडचे छताचे पंखे खालून पाहिले तर बहुतेक करून घड्याळाच्या उलट फिरतात. तुमचा पंखा एकदा बघून घ्या. पंख्याची दिशा बदलणं कटकटीचं, बंडीची सोपी. बंडी पडद्यावर उजवीकडून डावीकडे गेली तर तिचं चाक घड्याळाच्या उलट फिरताना दिसतं, म्हणजे पंख्यासारखंच. पहिल्या वेळी आमची बंडी डावीकडून उजवीकडे गेली होती. तो शॉट एडिटिंगमध्ये आरशासारखा उलटवून पाहिला, पण पोत्यावरची अक्षरं उलटी झाली. शिवाय बंडी घरी परतताना तिने विरुद्ध दिशेने जायला हवं, नाहीतर ती पुन्हा बाजाराकडेच निघाली असं वाटतं. म्हणून स्क्रिप्टमध्ये लिहिलं: बाजाराला जाताना उजवीकडून डावीकडे, येताना डावीकडून उजवीकडे, सगळ्या सीनमध्ये.

या एका ओळीचा परिणाम उजेडावर झाला. आमचा पांदण रस्ता पूर्वेला जातो. बंडी पूर्वेला जाताना पडद्यावर डावीकडे जायला हवी असेल, तर कॅमेरा रस्त्याच्या उत्तरेला ठेवून दक्षिणेकडे तोंड करावं लागतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो, त्यामुळे चाकाची आपल्याकडची बाजू सावलीत गेली आणि आरे काळे दिसू लागले. ते सोयीचंच झालं, कारण अंधाऱ्या खोलीत पंख्याची पातीही काळीच दिसणार होती. हे शूटच्या दिवशी कळलं असतं तर आम्ही घाबरून कॅमेरा पलीकडच्या बाजूला नेला असता आणि दिशा पुन्हा बिघडली असती.

वेगाचा हिशोब सोपा आहे. बैल सावकाश चालला तर सेकंदाला साधारण एक मीटर जातो. आमच्या लाकडी चाकाचा घेर पावणेचार मीटरच्या आसपास, म्हणजे एका फेऱ्याला जवळपास चार सेकंद. (हल्ली बहुतेक बंड्यांना टायर असतात, लाकडी चाकाची बंडी शेजारच्या गावातून आणावी लागली.) चालू पंखा मिनिटाला तीनशेच्या वर फेरे घेतो. तो चाकाशी जुळतो फक्त बंद केल्यानंतर, थांबायच्या आधीच्या शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत. मग पंखा बंद होण्याचं कारण कथेतच हवं, आणि ते आपल्याकडे शोधावं लागत नाही: लाईट गेली. स्क्रिप्टमध्ये तसं लिहिल्यावर तांत्रिक अडचण सुटली आणि सीनलाही वजन आलं. माणूस उकाड्यात उघड्या डोळ्यांनी पडला आहे आणि पंखा मंदावतो आहे. उकाड्यासाठी कथा महिनाभर पुढे नेली, साठवलेला कापूस फेब्रुवारीच्या शेवटी विकायला निघाला.

जागा आणि आकारासाठी कॅमेरा बंडीवरच बांधला. दोन बांबू बंडीच्या साट्याला आडवे बांधून बाहेर काढले, टोकाशी एकत्र केले आणि तिथे मोबाइल चाकाकडे तोंड करून बसवला. एकच बांबू असला की हलतो, दोन असले की बऱ्यापैकी स्थिर राहतो. चाकाचा मधला तुंबा फ्रेमच्या मधोमध, अंतर चार फूट, मोबाइलचा झूम दुप्पट. असं धरलं की चाकाची धाव फ्रेमबाहेर जाते, फक्त तुंबा आणि आरे उरतात. पंख्याला धावेसारखा बाहेरचा गोल नसतो, त्यामुळे हे फार उपयोगी पडलं. चाकाचा आणि पंख्याचा व्यास जवळपास सारखाच असल्याने पंखाही बरोबर चार फुटांवरून, त्याच झूमने घेतला: बाजेवर स्टूल, स्टुलावर मोबाइल, भिंग वर. पंख्याचा डबा मधोमध, पाती फ्रेमबाहेर जाणारी. बारा आरे आणि तीन पाती हा फरक डोळ्याला खटकला नाही, कारण केंद्र आणि वेग जुळले होते. कट मात्र अशा क्षणी ठेवला की एक आरा आणि एक पातं दोन्ही सरळ उभे असतील.

शेवटी स्क्रिप्टमधला मजकूर असा झाला:

"सीन ६, शेवटचं चित्र: चाकाचा तुंबा, फ्रेमच्या मधोमध, चार फुटांवरून. बंडी उजवीकडून डावीकडे. आरे काळे, मागे उजेड. आख करकरतो.

सीन ७, पहिलं चित्र: पंख्याचा डबा, फ्रेमच्या मधोमध, चार फुटांवरून. लाईट गेलेली. शेवटचे फेरे. करकर तीच, हळूहळू पंख्याची होते. अंधारातून बायकोचा आवाज: उद्या बँकेत जा लागते ना जी?"

आवाजाची ओळ मुद्दाम लिहिली आहे. पंख्याची करकर चित्राच्या एक सेकंद आधीच, चाकावरच सुरू केली. चित्र किंचित कमी जुळलं तरी आवाज ते सांभाळून नेतो. आणि बायकोचं वाक्य हवंच होतं. नुसत्या चाक-पंख्यावरून भाव पडल्याचं कळत नाही, अंदाज फक्त येतो. मॅच कटनंतरच्या पहिल्या काही सेकंदांत "आता आपण कुठे आहोत, काय घडून गेलं" हे कळण्याची सोय स्क्रिप्टमध्ये नसेल, तर सुंदर जोड होतो आणि प्रेक्षक हरवतो.

एक चित्र विरत दुसरं उमटावं म्हणून "इथे डिझॉल्व्ह", किंवा अचानक धक्क्यासाठी "इथे स्मॅश कट" असं मी लिहीत नाही, दोन चित्रंच लिहितो. 1962 च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'मध्ये काडी फुंकून विझवल्यावर वाळवंटातला सूर्योदय येतो. तिथे स्क्रिप्टमध्ये डिझॉल्व्ह होता. संपादक ॲन कोट्स आणि दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी कच्च्या जोडणीत दोन्ही शॉट थेट कटने लागलेले पाहिले आणि तसेच ठेवले. चित्रं कागदावर पक्की होती, म्हणून जोडण्याची पद्धत टेबलावर बदलता आली.

तुमच्या बाकीच्या सीनना मॅच कटची गरज नसेल. एका वहीत प्रत्येक सीनचं फक्त शेवटचं चित्र आणि पुढच्याचं पहिलं चित्र समोरासमोर लिहून काढा. दोन्हीकडे माणूस चालतच असेल, किंवा दोन्हीकडे दोघं बोलत बसल्याचा मध्यम शॉटच असेल, तर धक्का तिथे बसतो आहे. एका बाजूला जवळचं चित्र करा, किंवा पुढच्या सीनचा आवाज आधी आणा. दार उघडून आत येणं, चप्पल काढणं, बसणं हे बहुतेक वेळा लिहायचीच गरज नसते.

शूटला जायच्या आधी दोन्ही चित्रांचे फोटो मोबाइलवर काढा आणि गॅलरीत पटापट पुढे-मागे सरकवा. मधला बिंदू उडी मारतो का ते लगेच दिसतं. जो शॉट आधी शूट होईल त्याची शेवटची फ्रेम फोटो म्हणून जवळ ठेवा आणि दुसरा शॉट तिच्यावरून लावा. जोड तयार झाल्यावर आवाज बंद करून अशा माणसाला दाखवा ज्याने स्क्रिप्ट वाचलेली नाही. तो "पंखा आला" म्हणाला तर ठीक. "काहीतरी उडालं" म्हणाला तर दिशा आणि मध्यबिंदू पुन्हा तपासा. आणि जोडाचे शॉट घेताना चित्र संपल्यावर मनात पाच आकडे मोजून मगच कट म्हणा. आरा आणि पातं एका रेषेत आणायला आम्हाला तेच जास्तीचे सेकंद लागले होते.