उशिराचा मेल: आधी तारीख, मग कारण

प्रश्न: वेर्ण्याच्या कारखान्यात नवीन पॅकिंग हॉलचं काम माझ्याकडे आहे. छपराचं लोखंड तीन आठवडे उशिरा आलं. वरिष्ठांना मेल लिहायला बसलो की सगळं सबबी सांगितल्यासारखं वाटतं. कसं लिहू?

उत्तर: मीही गोव्यात कारखान्यांच्या बांधकामाचं नियोजन बघतो, म्हणून थेट तुमच्याच कामावर बोलतो. तारखा उदाहरणादाखल धरल्या आहेत, तुमच्या तुम्ही घाला.

मेल लिहायच्या आधी उशीर शेवटच्या तारखेपर्यंत मोजून घ्या. लोखंड तीन आठवडे उशिरा आलं म्हणजे हॉल तीन आठवडे उशिरा मिळेल, असं नाही. समजा छपराचे पत्रे 20 मे रोजी पूर्ण व्हायचे होते आणि हॉल 31 जुलैला ताब्यात द्यायचा होता. आता पत्रे 10 जूनवर गेले, आणि गोव्यात पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यातच येतो. ओल्या छपरावर माणसं चढवता येत नाहीत, म्हणून आणखी एक आठवडा धरा. छप्पर झाल्यावर जमिनीचं काँक्रीट, ते पक्कं व्हायला 28 दिवस, आणि मग त्यावर इपॉक्सीचा थर. काँक्रीटमधला ओलावा साधारण 4 टक्क्यांच्या वर असेल तर इपॉक्सी पुढे फुगून सुटतं. जुलैच्या दमट हवेत तेवढं सुकायला, हवा कोरडी करणारी यंत्रं लावली तरी, एक आठवडा जादा धरा. पुढे पॅकिंगची यंत्रं बसवताना मध्ये गणपतीची चवथ येते, तो आठवडा कामगार गावी. तीनाचे सहा आठवडे झाले: 11 सप्टेंबर.

हा हिशेब न करता ‘तीन आठवडे’ कळवलंत, तर महिन्याभराने पुन्हा उशीर कळवावा लागेल. तो दुसरा मेल कितीही चांगला लिहिला तरी सबबच वाटतो.

आता मेल. वरिष्ठ माणूस पहिल्या दोन ओळींत तारीख शोधत असतो. आपण कारणांपासून सुरुवात करतो, तिथेच सूर बिघडतो. मी असं लिहीन:

‘पॅकिंग हॉल 31 जुलैऐवजी 11 सप्टेंबरला ताब्यात मिळेल. छपराचे लोखंडी ट्रस 22 एप्रिलऐवजी 13 मे रोजी साइटवर आले, त्यामुळे छप्पर आणि जमीन ही दोन्ही कामं पावसात गेली. नव्या तारखेत पाऊस आणि चवथीची सुट्टी धरली आहे.

धोका: काँक्रीटला 28 दिवस झाल्यावर, म्हणजे 19 जुलैला, आम्ही जमिनीचा ओलावा मोजू. हवा कोरडी करणारी यंत्रं नसतील तर सुकायला एका आठवड्याऐवजी तीन लागू शकतात आणि तारीख 25 सप्टेंबरवर जाईल.

मंजुरी हवी: या यंत्रांचं भाडं, 10 जुलैपर्यंत. कोटेशन सोबत आहे.’

बस, एवढंच. ट्रसच्या वाक्यात पुरवठादारावर आरोप नाही. फक्त दोन तारखा आहेत आणि त्या कुणी खोडू शकत नाही. ड्रॉइंगची मंजुरी तुमच्याच ऑफिसात आठवडाभर अडकली असेल तर तीही तशीच तारखेनिशी त्याच ओळीत घाला. ती वगळलीत आणि कुणाला माहीत असली, तर बाकीच्या मेलवरचा विश्वासही जातो.

झालेली गोष्ट आणि होऊ शकणारी गोष्ट एका परिच्छेदात मिसळू नका. लोखंडाचा उशीर झालेला आहे, तो धोका नाही. पाऊस आणि चवथसुद्धा धोक्यात लिहू नका. ती दोन्ही दरवर्षी येतात, त्यांची जागा वेळापत्रकात आहे. वरिष्ठांना ‘पावसाचा धोका’ दिसला की त्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो, हे आधी का धरलं नाही? धोका म्हणून लिहायचं ते असं, ज्याला तपासायचा दिवस आहे आणि ज्यावर त्यांना आज काही ठरवता येतं. जमिनीचा ओलावा तसा आहे.

पाठवण्याआधी प्रत्येक वाक्य काढून बघा. ते नसतं तर वाचणाऱ्याच्या निर्णयात काही बदललं असतं का? ‘आम्ही वेळोवेळी पाठपुरावा केला’, ‘अपरिहार्य कारणांमुळे’, ‘आधीच्या मेलमध्ये कळवल्याप्रमाणे’ ही वाक्यं या चाळणीतून पडतात, आणि सबबीचा वास त्यांनाच असतो. पाठपुराव्याचे पुरावे जपून ठेवा, पुरवठादाराशी दंडाची बोलणी होतील तेव्हा ते लागतील. पण तो वेगळा मेल.

आणखी एक: पाठवण्याआधी आपल्या थेट साहेबांना फोन करून नवी तारीख सांगा. त्यांना ती इतरांबरोबर मेलमध्ये पहिल्यांदा कळली तर ते तिथेच उलट प्रश्न विचारतील, आणि मग सगळ्यांसमोर उत्तरं देताना तुमचा सूर सांभाळणं कठीण जाईल.