रुपयाचे 28 पैसे

प्रश्न: "बाबांना 2005 पासून ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफसोबतच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, महिना 2,000 रुपये पेन्शन आहे, आजही तेवढीच. आता मी निवृत्त होतोय. विमा कंपनीची आयुष्यभर महिना 20,000 देणारी पेन्शन घ्यावी का? 20 वर्षांनी पुरेल का?"

आधी बाबांच्या 2,000 चा हिशेब करू. तुमच्या 20,000 चं उत्तर त्यातच आहे, आणि "ठरलेली पेन्शन आहे, मग काळजी कसली" असं म्हणणाऱ्यांना तो आकड्यांतच दाखवावा लागतो.

महागाई अंदाजाने धरू नका, मोजा. शिमल्याचं लेबर ब्युरो दर महिन्याला औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक काढतं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता यावरूनच ठरतो. 2005 ची सरासरी होती 536. जुलै 2024 ते जून 2025 या बारा महिन्यांची सरासरी आहे साधारण 143.6. आकडा उतरलेला पाहून बरेचजण इथेच फसतात. पाया बदललाय. 536 हा 1982 ला 100 धरून आहे आणि 143.6 हा 2016 ला 100 धरून. मध्ये 2001 चा पायाही येऊन गेला. सांधायला दोन गुणक लागतात: 2016 च्या मालिकेवरून 2001 वर जायला 2.88, आणि तिथून 1982 वर जायला 4.63. म्हणजे 143.6 × 2.88 × 4.63, साधारण 1,915. याला 536 ने भागा, 3.57 येतात. 2005 साली 100 रुपयांत येणारं सामान आज 357 रुपयांना येतं.

बाबांच्या 2,000 ला 3.57 ने भागलं की 560 रुपये उरतात. पासबुकात 2005 च्या ओळीवर आणि आजच्या ओळीवर तोच आकडा छापून येतो, पण त्यातल्या प्रत्येक रुपयाचे 28 पैसे राहिलेत. तेव्हाइतकंच सामान घरात यायचं तर आज महिन्याला 7,140 हवेत. सरासरी काढली तर ही महागाई वर्षाला पावणेसात टक्क्यांच्या आसपास पडते. यात कुठलंही मोठं संकट नाही. ही रोजची, सवयीची महागाई आहे.

सरकारी पेन्शनर आणि ईपीएसवाला यांना एकाच मापाने मोजणाऱ्यांना हे कळत नाही. सातव्या वेतन आयोगात 1 जानेवारी 2016 ला शून्यापासून सुरू झालेली महागाई सवलत 1 जुलै 2025 ला 58 टक्के झाली. ती दर जानेवारीला आणि जुलैला याच निर्देशांकाला बांधून सुधारते. ईपीएसला अशी दोरीच नाही. मालकाचे 8.33 टक्के आणि सरकारचे 1.16 टक्के, तेही ठरलेल्या पगारमर्यादेवर, एवढ्यावर तो फंड चालतो. वर ती मर्यादासुद्धा गोठते: जून 2001 पासून 6,500, सप्टेंबर 2014 पासून 15,000. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले 70 हे सूत्र. त्यातला पगारच गोठलेला असेल तर पेन्शन सुरू होण्याआधीच झिजायला लागलेली असते. 1,000 रुपयांची किमान पेन्शनही सप्टेंबर 2014 चीच. तेव्हाचा निर्देशांक 2001 च्या पायावर 253 होता, जून 2025 पर्यंतची बारा महिन्यांची सरासरी 413 च्या वर गेली. त्या हजाराचे आज सहाशे-सव्वासहाशे उरलेत.

आता तुमचे 20,000. महागाई 6 टक्के धरली तर 100 रुपयांची किंमत पाच वर्षांनी 75, दहा वर्षांनी 56, पंधरा वर्षांनी 42 आणि वीस वर्षांनी 31 राहते. पहिली पाच वर्षं माणसाला काही जाणवतच नाही. तब्येत ठीक असते, थोडी बचत हाताशी असते. खरा फटका पंच्याहत्तरीनंतर बसतो, म्हणजे औषधांचा खर्च वाढलेला असतो नेमका तेव्हा.

म्हणून माझं सरळ मत: 20,000 ची सपाट पेन्शन घेतलीत तर तिला 20,000 समजू नका, 12,400 समजा. हिशेब असा. पहिल्या वर्षी महिना 12,400 खर्च करायचे, दरवर्षी खर्च 6 टक्क्यांनी वाढू द्यायचा, आणि उरलेले आवर्ती ठेवीत व पुढे मुदत ठेवीत टाकायचे. 7 टक्के व्याज धरलं तर पहिल्या वर्षी महिना 7,600 बाजूला पडतात. नवव्या वर्षी खर्च 19,700 च्या आसपास जातो, तोवर दर महिन्याला काही ना काही शिल्लक पडतच असते. दहाव्या वर्षापासून खर्च पेन्शनच्या वर जातो आणि साठवलेल्यातून काढायला सुरुवात होते. विसाव्या वर्षी खर्च 37,000 च्या वर असतो, पण पेन्शन आणि ठेव मिळून तो भागतो. व्याज, कर जाऊन, 6 टक्केच हाती पडलं तरी सुरुवात 12,150 ने करावी लागते, फार फरक नाही. सगळे 20,000 पहिल्या महिन्यापासून घरखर्चात गेले की मात्र ही गाडी पुन्हा रुळावर येत नाही, कारण जमवायची वर्षं पहिलीच नऊ असतात. बाजूला टाकायची रक्कम पेन्शन जमा होते त्याच दिवशी बँकेला आपोआप वळती करायला सांगा. महिनाअखेरीस उरेल ते टाकू म्हटलं की उरत नाही.

"मूळ रक्कम वारसाला परत" हा पर्याय एजंट जोरात विकतात, आणि घरात यावरून भांडणं होतात. परत मिळणारे 10 लाख हे आकड्याने 10 लाखच, पण 6 टक्क्यांनी वीस वर्षांनंतर त्यांची आजच्या हिशेबातली किंमत 3 लाख 12 हजार. त्यासाठी तुम्ही आयुष्यभर कमी पेन्शन घेत असता. मुलांना काही ठेवायचंच असेल तर ते वेगळं ठेवा, स्वतःच्या औषधाच्या पैशातून नको. दरवर्षी 3 टक्क्यांनी वाढणारी पेन्शनही मिळते, पण कागदावर "सरळ" शब्द आहे का ते बघा. सरळ म्हणजे मूळ रकमेवर 3 टक्के, वाढलेल्या रकमेवर नाही. वीस वाढींनंतर ती 1.6 पट होते आणि भाव 3.2 पट. वर सुरुवातीची पेन्शनही सपाट योजनेपेक्षा कमी असते.

दोन गोष्टी राहिल्या. हा हिशेब वीस वर्षांचा आहे. साठीला सुरू करून ऐंशीच्या पुढे गेलात तर ठेव संपलेली असेल आणि झिजलेले 20,000 च उरतील, म्हणून घरात दीर्घायुष्य असेल तर 11,000 ने सुरुवात करा. आणि तो निर्देशांक कामगाराच्या घराचा आहे, त्यात पोरांच्या शाळेची फीसुद्धा आहे. म्हाताऱ्या जोडप्याचा खर्च वेगळा असतो. बाबांच्या औषधांची जुनी बिलं सापडली तर तीच गोळी, तेवढीच पट्टी, तेव्हाचा आणि आताचा भाव शेजारी लिहून काढा. 12,400 सुद्धा जास्त आहेत का, ते त्यावरून ठरेल.